पगार ६४ हजार, ॲपमध्ये खर्च १ लाख ७ हजार: दर महिन्याला होणारा हा घोळ कसा सोडवायचा

आधी लक्षण सांगते. खर्च नोंदवणारं ॲप मोबाइलवर आहे, बँकेचे मेसेज ते आपोआप वाचतं, आणि महिनाअखेरीला जो एकूण खर्च दाखवतं तो पगारापेक्षा कितीतरी मोठा असतो. कुणाकडून पैसे घेतलेले नसतात, खात्यात शिल्लकही असते, तरी आकडा तसाच. एकदा बसून चार नोंदी दुरुस्त केल्या तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दोन-तीन महिने असं झालं की माणूस ॲप उघडायचंच सोडून देतो.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. बँकेचं स्टेटमेंट आणि आमची खतावणी यांचा ताळमेळ लावणं हे माझं महिन्याचं ठरलेलं काम. माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो आणि वारज्यात दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तो जेवायला आला आणि जेवण व्हायच्या आतच फोन पुढे केला. "मावशी, हे बघ ना. जुलैत मी एक लाख सात हजार खर्च केलेत म्हणे. पगार चौसष्ट हजार तीनशे आहे माझा." मी विचारलं, जमा किती दाखवतंय? जमा होती १,१४,९५९. म्हणजे दोन्ही बाजू फुगलेल्या, आणि वजाबाकी केली तर ७,७८९ रुपये शिल्लक पडत होती. ही शिल्लक बरी वाटते म्हणूनच लोक जमेच्या आकड्याकडे बघत नाहीत. मला तरी रोग तिथेच दिसला. नोकरदार माणसाच्या खात्यात पगाराच्या जवळपास दुप्पट जमा दिसत असेल, तर एकच पैसा दोनदा मोजला जातोय हे नक्की.

असं का होतं, ते एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. ॲप प्रत्येक मेसेज सुटा वाचतं. 'डेबिटेड' दिसलं की खर्च, 'क्रेडिटेड' किंवा 'रिसीव्ह्ड' दिसलं की जमा. पैसा आपल्याच एका खात्यातून निघून आपल्याच दुसऱ्या खात्यात गेला, हे त्या एका मेसेजात कुठेच लिहिलेलं नसतं. बहीखात्यात आपण प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू लिहितो. ॲपला मात्र त्या दोन बाजू दोन वेगळे व्यवहार वाटतात. चांगली ॲप जोड्या ओळखायचा प्रयत्न करतात, पण तारीख एक दिवसाने मागेपुढे झाली किंवा दोनपैकी एकच खातं जोडलेलं असलं की जोडी जुळत नाही.

आधी एकच खातं तपासा

सगळं एकदम दुरुस्त करायला बसू नका. पगाराचं खातं घ्या, बँकेच्या स्टेटमेंटमधून १ तारखेची आरंभीची शिल्लक आणि ३१ तारखेची अखेरची शिल्लक कागदावर लिहा. मग ॲपमध्ये फक्त त्या खात्याची गाळणी लावा आणि त्याने धरलेली जमा आणि नावे, म्हणजे खात्यातून बाहेर गेलेली, रक्कम त्याच कागदावर उतरवा. आरंभीची शिल्लक अधिक जमा, वजा नावे, बरोबर अखेरची शिल्लक आली पाहिजे.

भाच्याचं गणित असं: आरंभीची शिल्लक ६,२४०, जमा ८२,३००, खात्यातून बाहेर ७९,३४०, अखेर ९,२००. पैशापैशाला जुळलं. याचा अर्थ या खात्यात ॲपने एकही नोंद चुकवलेली नाही आणि एकही दोनदा घेतलेली नाही. चूक वाचण्यात नव्हती, लेबल लावण्यात होती. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

जुळलं नाही तर फरक कोणत्या दिशेने आहे ते बघा. ॲपने जास्त नावे धरलं असेल, तर बहुतेक वेळा तेच खातं दोन वाटांनी जोडलेलं असतं: एकीकडून मेसेज, दुसरीकडून अकाउंट ॲग्रिगेटर. अशा वेळी बरेचसे व्यवहार जोडीने दिसतात, तीच रक्कम, तीच तारीख. त्यातली एक वाट बंद करा. मी मेसेजची बंद करायला सांगेन. अकाउंट ॲग्रिगेटर म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणारी मधली संस्था. तुम्ही संमती दिलीत की बँकेकडून स्टेटमेंटच ॲपपर्यंत पोचतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ही सोय सुरू झाली. स्टेटमेंटमध्ये सगळे व्यवहार असतात, मेसेजमध्ये असतीलच असं नाही. आयफोनवर तर ॲपला मेसेज वाचताच येत नाहीत, त्यामुळे तिथे ही वाट किंवा स्टेटमेंटची फाइल हातानं चढवणं, हेच पर्याय उरतात. मात्र संमतीला मुदत असते. ती संपली की नवीन नोंदी येणं थांबतं, आणि महिना अचानक काटकसरीचा दिसायला लागतो.

ॲपने कमी नावे धरलं असेल, तर मेसेज गाळले गेलेत. माझ्याच खात्यात हे झालं होतं. दर महिन्याला सहाशे-सातशे रुपयांचा फरक यायचा आणि मला कळेना. एका मोठ्या खासगी बँकेने २५ जून २०२४ पासून यूपीआयने केलेल्या १०० रुपयांपर्यंतच्या खर्चाचे मेसेज पाठवणं बंद केलं, जमेच्या बाजूला ही मर्यादा ५०० रुपयांची. माझं खातं त्याच बँकेत. चहा, कोथिंबीर, पीएमपीएमएलचं तिकीट, झेरॉक्स, हे सगळं शंभरच्या आतलं. ॲपला त्यांची खबरच नव्हती. मेसेजची वाट सोडून स्टेटमेंटची वाट धरली, त्या महिन्यापासून फरक गेला.

क्रेडिट कार्डाचं बिल: सगळ्यात मोठी चूक इथेच

भाच्याच्या ७९,३४० मध्ये १८,४६० रुपये कार्डाच्या बिलाचे होते. हे बिल जूनमधल्या खरेदीचं. तेव्हा प्रत्येक वेळी कार्ड वापरलं की मेसेज आला होता आणि ॲपने तो खर्च जूनमध्ये धरला होता. जुलैत बिल भरलं तेव्हा बँकेचा मेसेज आला, ॲपने तीच रक्कम पुन्हा खर्चात घेतली. त्यावर कार्ड कंपनीचाही मेसेज आला की १८,४६० मिळाले. ॲपने ते जमेत टाकलं. एका बिलाने दोन्ही बाजू फुगवल्या.

कार्डाने काही घेतलं की खर्च त्याच दिवशी झाला. बिल भरणं म्हणजे देणं फेडणं, त्यात नवीन खर्च काही नाही. म्हणून बँकेतून गेलेले १८,४६० आणि कार्डावर पोचलेले १८,४६० या दोन्ही नोंदींचा प्रकार बदलून 'ट्रान्सफर' करायचा. काही ॲपमध्ये त्याला 'सेल्फ ट्रान्सफर' म्हणतात, काहींत व्यवहार उघडल्यावर 'खर्चात धरू नका' असा पर्याय असतो. नोंद पुसून मात्र टाकू नका. पुसली की वर केलेला शिलकेचा ताळा मोडतो, आणि मग खरी चूक कुठली ते शोधता येत नाही.

ज्यांना कार्डाची प्रत्येक खरेदी ॲपमध्ये नकोच आहे, त्यांनी उलट करावं: कार्ड जोडू नये, बिलालाच खर्च म्हणावं. कष्ट वाचतात, पण खर्च महिनाभर उशिरा दिसतो आणि किराणा किती, पेट्रोल किती, हे कळत नाही. दोन्हीपैकी एक पद्धत पक्की धरा. एक महिना असं आणि एक महिना तसं केलं की तो महिना कायमचा बिघडतो.

कार्डावर एखादी वस्तू हप्त्यांत बदलून घेतली असेल तर थोडं जपून. वस्तूची पूर्ण किंमत खरेदीच्या दिवशीच खर्चात आलेली असते. नंतरच्या हप्त्यातलं मुद्दल पुन्हा खर्च म्हणून घ्यायचं नाही. नवीन खर्च म्हणजे फक्त व्याज, त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि हप्ते लावण्याचं शुल्क असेल तर ते. हे तीनही आकडे कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये वेगळे छापलेले असतात.

परत केलेल्या वस्तूंचंही असंच आहे. भाच्याने २,१९९ चे बूट मागवले, माप चुकलं, परत केले. कार्डावर पैसे परत आले ते ॲपने 'उत्पन्न' म्हणून धरले. ते उत्पन्न नाही. ती नोंद 'रिफंड' करून मूळ खरेदीच्याच सदरात टाकायची, म्हणजे कपडे-चपलांचा खर्च आपोआप तेवढ्याने उतरतो. जुलैतली त्याची कार्डाची खरेदी १६,९३० दिसत होती, ती रिफंड वजा जाता १४,७३१ झाली.

एका खिशातून दुसऱ्या खिशात

भाच्याचं शैक्षणिक कर्ज साताऱ्याच्या शाखेतलं. हप्ता तिथल्या बचत खात्यातून कटतो, म्हणून तो दर महिन्याला पगाराच्या खात्यातून तिकडे १२,००० पाठवतो. त्यातून ८,००० चा हप्ता जातो, ४,००० साठतात. ॲपने काय केलं? पगाराच्या खात्यातून १२,००० खर्च, साताऱ्याच्या खात्यात १२,००० जमा, आणि परत ८,००० खर्च. खरा बाहेर गेलेला पैसा ८,०००, दाखवलेला २०,०००.

अशा जोड्या शोधायला रक्कम आणि तारीख पुरत नाही. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक बघा. आयएमपीएस आणि यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो आणि दोन्ही बाजूंना तोच येतो. मेसेज साधारण असे दिसतात:

```
Rs.12000.00 debited A/c XX417 IMPS Ref 5187XXXXXX26
Rs.12000.00 credited A/c XX902 IMPS Ref 5187XXXXXX26
```

दोन्हीकडे एकच क्रमांक दिसला की ती एकच घटना आहे. ॲपमध्ये दोन्ही नोंदींना 'ट्रान्सफर' लावा. फक्त एका बाजूला लावलं तर दुसरी बाजू जमेत राहते, आणि मग महिनाभर वाटतं की कुठून तरी बारा हजार मिळाले.

'एसआयपी'चे ५,००० सुद्धा याच घरातले. पैसा खात्यातून गेला हे खरं, पण संपलेला नाही, फक्त जागा बदलली. त्याला 'गुंतवणूक' हा प्रकार द्या आणि खर्चाच्या बेरजेतून बाहेर ठेवा. स्टेटमेंटमध्ये अशा आपोआप कटणाऱ्या रकमांपुढे NACH किंवा ACH अशी अक्षरं असतात. पण तीच अक्षरं कर्जाच्या हप्त्यापुढेही येतात. म्हणून "NACH दिसलं की गुंतवणूक" असा नियम करू नका, पुढचं म्युच्युअल फंडाचं किंवा बँकेचं नाव वाचूनच ठरवा. भाच्याने हाच नियम केला होता आणि दोन महिने कर्जाचा हप्ता गुंतवणुकीत जमा होत होता.

कर्जाच्या हप्त्याला खर्च म्हणायचं का, यावर हिशेबाचं शिक्षण घेतलेला माणूस वाद घालेल. मुद्दलाचा भाग खर्च नाही, तो देणं फेडणं आहे, हे मला ठाऊक आहे. पण महिन्याला हातात किती उरतं हे पाहायचं असेल तर पूर्ण हप्ता खर्चात धरावा. तो टाळता येत नाही, आणि पगार येण्याआधीच त्याची जागा ठरलेली असते. कार्डाचं बिल वेगळं, कारण त्या पैशाचा खर्च आधीच लिहिलेला असतो.

मित्रांचं भाडं

पुण्यात एकत्र राहणाऱ्या मुलामुलींच्या ॲपमध्ये ही गडबड हमखास सापडते. घरमालकाला भाडं एकानेच द्यायचं असतं. भाचा २७,००० पाठवतो, दोघे मित्र त्याला ९,००० प्रमाणे १८,००० देतात. ॲपच्या मते भाडं २७,००० आणि उत्पन्न १८,०००. खरं भाडं ९,०००.

इथे 'ट्रान्सफर' लावणं चुकीचं होईल, कारण पैसे खरोखर दुसऱ्या माणसाकडून आलेत. बरोबर पद्धत म्हणजे २७,००० ची नोंद विभागणे. बहुतेक ॲपमध्ये 'स्प्लिट' असतं. ९,००० घरभाड्यात, १८,००० 'येणं' या सदरात, आणि मित्रांचे पैसे आले की त्याच सदरात जमा. महिनाअखेरीला ते सदर शून्यावर आलं पाहिजे. नाही आलं तर कुणाचं तरी राहिलंय हे लगेच दिसतं, आणि आठवण करून द्यायला हातात कारण असतं. ॲपमध्ये विभागणी नसेल तर मित्रांची जमा घरभाड्याच्याच सदरात उणे म्हणून टाका. आकडा तोच येतो, फक्त कोणाचं राहिलं ते कळत नाही.

वीजबिल, पाइप गॅस, इंटरनेट यांनाही हेच लागू. मात्र शंभर-दोनशेच्या वाटण्या नोंदवत बसू नका असं मी भाच्याला सांगितलं. कंटाळा येतो, आणि कंटाळ्यात मोठ्या नोंदीही सुटतात.

रोख आणि यूपीआय लाइट

भाच्याने जुलैत एटीएममधून ४,००० काढले. ॲपने ते खर्च धरले. शिवाय मंडईतली भाजी, वारज्याच्या चौकातला नाश्ता, केस कापणं, असे रोखीचे २,९०० रुपये त्याने हातानं लिहिले होते. तेही खर्चात. म्हणजे एकच रोकड दोनदा.

एटीएममधून पैसे काढणं हीसुद्धा बदलीच आहे, बँकेतून पाकिटात. ॲपमध्ये 'रोख' नावाचं एक खातं उघडा, एटीएमची नोंद त्या खात्याकडे ट्रान्सफर करा आणि रोखीचा खर्च त्यातूनच लिहा. महिनाअखेरीला पाकीट मोजायचं. भाच्याच्या पाकिटात ७०० होते. ४,००० मधून २,९०० लिहिलेले आणि ७०० उरलेले गेले, राहिले ४००. हे ४०० कुठे गेले ते त्याला आठवेना. त्यावर डोकं खाजवत बसू नये. 'किरकोळ' म्हणून एक नोंद करायची आणि पुढे जायचं. रोखीचा खरा खर्च झाला ३,३००. पाकीट मोजणं जमणारच नसेल, तर एटीएमचीच रक्कम खर्च धरा आणि हातानं काही लिहू नका. इथेही दोन्हीपैकी एकच.

यूपीआय लाइट ही पाकिटाचीच धाकटी बहीण. पिन न टाकता छोटे पैसे देता येतात, एका वेळी १,००० पर्यंत, आणि त्यात एकूण ५,००० पर्यंत ठेवता येतात. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त पैसे भरल्याची नोंद येते, आतले चहा-वडापावचे व्यवहार येत नाहीत. ते बघायचे असतील तर त्या यूपीआय ॲपचा इतिहासच उघडावा लागतो. भाच्याने महिन्याभरात तीन वेळा ५०० भरले होते. तो खर्च बारीकसारीकच असल्याने आम्ही १,५०० हीच रक्कम 'बाहेरचं खाणं' म्हणून धरली. यूपीआय लाइटचा इतिहास ॲपमध्ये वेगळा चढवत असाल तर मात्र भरलेली रक्कम खर्चातून काढा, नाहीतर पुन्हा एटीएमसारखंच होईल.

खरा आकडा, आणि तो बरोबर आहे याचा पुरावा

आता नव्याने बेरीज. भाडं ९,०००. कार्ड १४,७३१. थेट यूपीआयने दिलेले डबा, पेट्रोल, वीज, किराणा वगैरे ११,३८०. यूपीआय लाइट १,५००. रोख ३,३००. कर्जाचा हप्ता ८,०००. एकूण ४७,९११. ॲप दाखवत होतं १,०७,१७०. मधले ५९,२५९ रुपये खर्च झालेच नव्हते.

पगार ६४,३०० मधून ४७,९११ गेले, तर १६,३८९ उरायला हवेत. भाचा म्हणाला, "मग ते आहेत कुठे? खात्यात तर नऊ हजारच दिसतायत." हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, कारण इथेच ताळा लागतो. पगाराच्या खात्यातली शिल्लक ६,२४० वरून ९,२०० झाली, म्हणजे २,९६० वाढ. साताऱ्याच्या खात्यात ४,००० साठले. एसआयपीत ५,००० गेले. पाकिटात ७००. आणि एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कार्डाचं देणं: जुलैत १८,४६० फेडले आणि नवीन १४,७३१ चं झालं, म्हणजे देणं ३,७२९ नी उतरलं. या पाचही रकमांची बेरीज केली. १६,३८९. त्याने स्वतःच्या हाताने दोनदा कॅल्क्युलेटरवर केली, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. महिनाभर त्याला वाटत होतं की आपण कर्जात चाललोय, आणि घरी पैसे पाठवायचे थांबवावेत का, असं त्याने आईला विचारलंही होतं. चुकीच्या आकड्याने माणूस असा घाबरतो, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

हा ताळा न जुळल्यास फरकाची रक्कम जशीच्या तशी ॲपच्या शोधात टाका. बऱ्याचदा तीच एक नोंद चुकलेली असते. ती सापडली नाही तर फरकाचं निम्मं करून शोधा. जमा म्हणून धरलेली नोंद प्रत्यक्षात नावे असेल तर फरक दुप्पट येतो. हा जुना कारकुनी उपाय आहे, ॲपलाही लागू पडतो.

पुढच्या महिन्यात परत का बिघडतं

बहुतेकांचा अनुभव असा की दुरुस्ती टिकत नाही. त्याची कारणं मला तीन दिसली.

पहिलं म्हणजे एकच नोंद बदलली जाते, नियम होत नाही. नोंद बदलताना ॲप विचारतं की यापुढे अशा सगळ्या नोंदींना हेच लावू का. घाईत आपण 'फक्त ही' निवडतो. कार्डाचं बिल, साताऱ्याला जाणारे पैसे आणि एसआयपी, या तिन्हींना 'यापुढेही' निवडा. मित्रांच्या पैशाला मात्र नियम लावू नका. तेच मित्र कधी सहलीचे पैसे देतात, कधी उसने परत करतात.

दुसरं म्हणजे नियम रकमेवर बांधलेला असतो. भाच्याने "६४,३०० आले की पगार" असा नियम केला होता. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापला जातो, हातात शंभर कमी येतात आणि नियम ओळखत नाही. पगारवाढ झाली तरी तेच. नियम नेहमी स्टेटमेंटमधल्या मजकुरावर बांधा, म्हणजे कंपनीचं नाव किंवा SALARY हा शब्द. कार्डाचं बिल एका महिन्यात बँकेच्या ॲपमधून आणि दुसऱ्या महिन्यात तिसऱ्याच ॲपमधून भरलं की मजकूर बदलतो. म्हणून एकाच वाटेने भरा, किंवा दोन्ही मजकुरांना नियम लावा.

तिसरं कारण महिन्याच्या सीमेचं. पगार १ तारखेला होतो, पण १ तारीख रविवारी आली तर तो आधीच जमा होतो. २०२६ मधला १ नोव्हेंबर रविवार. अशा वेळी ऑक्टोबरमध्ये दोन पगार आणि नोव्हेंबरमध्ये एकही नाही असं ॲप दाखवतं. सेटिंगमध्ये महिना कोणत्या तारखेला सुरू करायचा ते निवडता येत असेल तर २६ करा. मग पगार एक-दोन दिवस आधी-नंतर आला तरी त्याच महिन्यात पडतो. तुमची कंपनी २५ लाच पगार करत असेल तर २३ किंवा २४ धरा. हा बदल केल्यावर जुने महिनेही नव्याने मोजले जातात, त्यामुळे आधीचे आकडे हललेले दिसले तर घाबरू नका. बँकेचं स्टेटमेंटही मग त्याच तारखांचं काढायचं, नाहीतर शिलकेचा ताळा लागणार नाही.

फोन बदलला किंवा ॲप काढून परत टाकलं तर ते जुने मेसेज पुन्हा वाचतं. त्याआधी ॲपमधून बॅकअप घ्या, आणि टाकल्यावर पहिल्यांदा मागच्या महिन्याची बेरीज जुन्या बेरजेशी ताडून बघा. दुप्पट आली असेल तर पुढे काही दुरुस्त करायच्या आत बॅकअपवरूनच परत आणा.

ऑगस्टचा हिशेब भाच्याने एकट्याने केला. वीस मिनिटं लागली म्हणाला. शिलकेचा ताळा लागला, मित्रांच्या 'येणं' सदरात ९,००० अडकलेले दिसले. एकाने भाडं द्यायचंच राहिलं होतं, आणि ते त्यालाही आठवत नव्हतं.